एका पेशीची पऱ्हाटी

मे महिन्यात आमच्या घाटाखालच्या पट्ट्यात दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. वडनेर भोलजीवरून जाणाऱ्या महामार्गाचं डांबर मऊ पडतं, पारा ४४-४५ ला टेकतो आणि ज्याच्याकडे ओलिताची सोय आहे तो मृगाची वाट न पाहता महिनाअखेरीस सरकी टोबायला घेतो. भेगा पडलेल्या काळ्या जमिनीत ठिबकच्या नळीखाली ओल धरलेली असते, तेवढ्या भरवशावर बी पडतं. हे सगळं लहानपणापासून पाहिलेलं. पण सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागल्यापासून ते पाहताना दरवर्षी एक गोष्ट हटकून मनात येते. ही बीटी सरकी ज्या जिवाणूमुळे शक्य झाली, त्याला आमचं ऊन बिलकूल मानवत नाही. ३२ अंशांच्या वर तो जगतो, वाढतो, पण ज्या करामतीसाठी त्याची ख्याती आहे ती करायचं सोडून देतो.

बीटी म्हटलं की लोकांना एकच जिवाणू आठवतो, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. अळीच्या आतड्याला भोकं पाडणारं प्रथिन त्याचं, पाकिटावर नावही त्याचंच. पण त्याचा जीन कपाशीच्या पेशीत आपल्या पायांनी चालत गेला नाही. तो नेऊन ठेवणारा दुसराच होता, ॲग्रोबॅक्टेरियम ट्युमेफेशियन्स. मातीत राहणारा, काडीसारखा, फार तर दोन-तीन मायक्रॉन लांबीचा. काम करून तो बाजूला झाला आणि त्याचं नाव पाकिटावर आलं नाही. माझ्या मते या सगळ्या हकिकतीत खरा पाहण्यासारखा तोच आहे.

त्याची माझी ओळख कपाशीत नव्हे, गुलाबात झाली. घाटावरच्या एका रोपवाटिकेतून हिवाळ्यात गुलाबाची कलमं आणली होती. एक कलम दोन महिने झाले तरी रुसून बसलेलं, पानं फिकी, नवा फुटवा नाही. उपटून पाहिलं तर खोड आणि मूळ जिथे भेटतात तिथे, डोळा भरल्याच्या जागेच्या जरा खाली, आवळ्याएवढी गाठ. वरून खडबडीत, तपकिरी, फुटाफुटाची. चाकूने कापली तर आत पांढरट, भुसभुशीत, ओलसर. निरोगी लाकडात तंतू सरळ रेषेत लागलेले दिसतात, इथे ते कसेही वळलेले, जणू पेशींना दिशाच सांगितलेली नाही. सूत्रकृमीची गाठ अशी नसते. ती मुळांवर जागोजागी, माळेत मणी ओवावेत तशी येते आणि मुळाचाच भाग फुगलेला असतो. ही गाठ खोडाच्या एका बगलेला चिकटून वाढलेली होती. छाटून टाकली तर उरलेल्या कडेवरून पुन्हा फुगली. कॉलर गाठ म्हणा, क्राउन गॉल म्हणा, रोग तोच. गुलाब, द्राक्ष, पीच, सफरचंद, बदाम अशा कलमांवर वाढणाऱ्या पिकांत तो जगभर नुकसान करतो, कारण कलम म्हणजे जखम आणि याला आत शिरायला जखमच लागते. छाटणीची कात्री एका रोपावरून दुसऱ्यावर गेली की तोही सोबत जातो.

एर्विन स्मिथ आणि चार्ल्स टाउनसेंड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९०७ साली डेझीच्या झाडावरच्या गाठीतून हा जिवाणू वेगळा काढला आणि निरोगी झाडाला टोचून गाठ पुन्हा आणून दाखवली. दहा वर्षं आधी इटलीत फ्रिदिआनो काव्हारा यांनी द्राक्षावरच्या गाठीतून असाच जिवाणू मिळवला होता. रोगाचं कारण सापडलं, इथवर नेहमीचीच गोष्ट. खरं कोडं पुढे होतं आणि ते सुटलं ते आपल्या ओळखीच्या झाडावर, सदाफुलीवर.

तुळशीवृंदावनाजवळ, अंगणाच्या कोपऱ्यात, विहिरीच्या कडेला, पाणी घाला न घाला, उन्हात फुलत राहणारी ही सदाफुली. रॉकफेलर संस्थेच्या प्रिन्स्टनमधल्या प्रयोगशाळेत आर्मिन ब्राउन यांनी १९४० च्या दशकात तिला निवडलं, ते याच चिवटपणासाठी. सदाफुलीला ४६-४७ अंशांची उष्णता अनेक दिवस सोसते. ॲग्रोबॅक्टेरियम त्यात मरतो. म्हणजे झाडाला जिवाणू टोचायचा, हवा तेवढा वेळ त्याला काम करू द्यायचं आणि मग झाड तापत्या खोलीत नेऊन जिवाणू मारून टाकायचा. झाड जिवंत, जिवाणू गायब. आमच्याकडे मे महिना जे फुकट करतो ते ब्राउन यांना खोली तापवून करावं लागलं.

निकाल असा आला की टोचल्यावर लगेच तापवलं तर गाठ येत नाही. साधारण दीड दिवस मध्ये जाऊ दिला तर लहानशी गाठ येते. तीन-चार दिवस दिले तर भली मोठी येते, आणि ती जिवाणू मेल्यावरही वाढतच राहते. त्याआधीच त्यांनी आणि फिलिप व्हाइट यांनी गाठीतली जिवाणूविरहित ऊती काचेच्या नळीत वाढवून पाहिली होती. साध्या झाडाच्या पेशींना अशा नळीत वाढवायचं तर वाढीची संप्रेरकं बाहेरून द्यावी लागतात. गाठीतल्या पेशींना ती लागलीच नाहीत. त्या आपली आपणच बनवत होत्या. अर्थ एवढाच निघत होता की जिवाणू काहीतरी आत ठेवून गेला आहे आणि पेशीने ते कायमचं स्वीकारलं आहे. ब्राउन यांनी त्या अज्ञात वस्तूला गाठ घडवणारं तत्त्व असं म्हणून ठेवलं. ते तत्त्व म्हणजे काय, हे कळायला आणखी तीस वर्षं गेली.

तिथेही वाट उष्णतेनेच दाखवली. या जिवाणूचा एक गाठ आणणारा वाण ३६-३७ अंशांना वाढवला तर काही पिढ्यांत तो गाठ आणण्याची ताकद कायमची गमावतो, हे १९७१ मध्ये दिसलं. पुन्हा थंड केला तरी ताकद परत येत नाही. एखादा गुण असा सहज आणि पुरता हरवतो तेव्हा तो मुख्य गुणसूत्रावर नसून बाजूच्या एखाद्या सुट्या डीएनएवर असावा, अशी शंका येते. बेल्जियममधल्या गेंट इथे जेफ शेल आणि मार्क व्हान मोंतागू यांच्या गटाने १९७४ मध्ये ते दाखवून दिलं. गाठ आणणाऱ्या प्रत्येक वाणात डीएनएचं एक मोठं वर्तुळ होतं, सुमारे दोन लाख अक्षरांचं, आणि गाठ न आणणाऱ्यांत ते नव्हतं. ते वर्तुळ म्हणजे टीआय प्लाझ्मिड.

पुढच्या वळणावर मेरी-डेल चिल्टन भेटतात. जिवाणूचा डीएनए झाडाच्या पेशीत जातो या दाव्यावर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता आणि तो खोडून काढायलाच त्या बसल्या होत्या. सिएटलमध्ये यूजीन नेस्टर आणि मिल्टन गॉर्डन यांच्यासोबत त्यांनी गाठीतल्या डीएनएत प्लाझ्मिडचे तुकडे शोधले, आणि १९७७ मध्ये स्वतःच्याच शंकेविरुद्ध पुरावा हाती आला. पूर्ण प्लाझ्मिड नव्हे, त्यातला एक छोटा तुकडा गाठीच्या पेशींत होता. खोडायला बसलेल्याने सिद्ध केलेली गोष्ट मला जास्त भरवशाची वाटते. वर्गात हा भाग आला की मी जरा रेंगाळतो, अभ्यासक्रम मागे पडला तरी.

तर हा जिवाणू करतो ते असं. झाडाला जखम झाली की रस पाझरतो, त्यात ॲसिटोसिरिंगोनसारखे फिनॉल वर्गातले पदार्थ असतात. जिवाणूच्या आवरणात बसलेलं एक प्रथिन त्यांचा सुगावा घेतं, आणि प्लाझ्मिडवरचे विर नावाचे जीन जागे होतात. त्यातली दोन प्रथिनं मिळून प्लाझ्मिडचा एक ठरावीक भाग एकाच धाग्यात सोलून काढतात. त्यांपैकी एक, विर-डी-२, त्या धाग्याच्या टोकाला स्वतःला चिकटवून घेतं आणि पुढे होतं. मग जिवाणू आणि झाडाची पेशी यांच्यामध्ये अकरा-बारा प्रथिनांची एक नळी उभी राहते, धागा तिच्यातून पलीकडे जातो, पेशीच्या केंद्रकात पोचतो आणि झाडाच्या गुणसूत्रात कुठेतरी जडतो. कुठे, ते जिवाणू ठरवत नाही. ही नळी आणि हा सुगावा, दोन्ही ३२ अंशांच्या पुढे नीट चालत नाहीत. आमच्या उन्हात त्याचे हात बांधले जातात ते असे.

आत गेलेल्या तुकड्यात काय असतं? झाडाची दोन वाढ-संप्रेरकं, ऑक्सिन आणि सायटोकायनिन, बनवणारे जीन. त्यामुळे पेशी बेसुमार वाढते आणि गाठ येते. पण गाठ हा त्याचा हेतू नव्हे. त्याच तुकड्यात आणखी एक जीन असतो, ओपाइन नावाचा पदार्थ बनवणारा. झाडाला ओपाइनचा काही उपयोग नाही, आणि मातीतल्या बहुतेक जिवाणूंना तो खाताही येत नाही. ॲग्रोबॅक्टेरियमला मात्र येतो, कारण तो पचवण्याचे जीन त्याने स्वतःजवळ ठेवलेले असतात. झाडाच्या पेशीला आपल्या स्वयंपाकघरात राबवून घ्यायचं आणि जेवण फक्त आपल्याच गोतावळ्याला मिळेल अशी सोय करायची. इतका मतलबी आणि इतका नीट आखलेला व्यवहार सूक्ष्मजीवांत दुसरा मला माहीत नाही.

माणसाच्या उपयोगाची गोम याच्या पुढच्या तपशिलात आहे. पाठवायचा तुकडा कोणता, हे जिवाणू आतल्या मजकुरावरून ओळखत नाही. तुकड्याच्या दोन टोकांना पंचवीस-पंचवीस अक्षरांच्या खुणा असतात, तो तेवढ्याच पाहतो. मोजणीला आलेला भूकरमापक जसा हद्दीचे दगड पाहतो, मधे पऱ्हाटी उभी आहे की तूर याच्याशी त्याला कर्तव्य नसतं, तसंच. म्हणजे मधले गाठ आणणारे जीन काढून टाकले आणि तिथे आपल्याला हवा तो जीन ठेवला, तरी तो इमाने इतबारे तोही नेऊन देणार. १९८३ च्या जानेवारीत मायामीतल्या एका परिषदेत तीन गटांनी आपण हे केल्याचं एकाच वेळी जाहीर केलं. शेल आणि व्हान मोंतागू यांचा गट, चिल्टन यांचा गट आणि मोन्सँटोतले रॉबर्ट फ्रॅली व त्यांचे सहकारी. रोग काढून घेतलेला जिवाणू मागे उरला, निव्वळ पोचवणारा.

विद्यार्थी असताना एका ऊतीसंवर्धन प्रयोगशाळेत काही महिने मी हे काम जवळून पाहिलं. सरकी आम्लात घोळून तिच्यावरची लव काढायची, निर्जंतुक करायची, काचेच्या बाटलीत उगवू द्यायची. आठवड्याभराच्या रोपाचा मुळाच्या वरचा आणि दलांच्या खालचा कोवळा दांडा घ्यायचा आणि त्याचे अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे करायचे. हा दांडा कापणं म्हणजेच जखम. तुकडे जिवाणूच्या पातळ द्रावात काही मिनिटं बुडवायचे, टिपकागदावर टिपायचे आणि दोन दिवस, २२ ते २५ अंशांना, जिवाणूसकट अंधारात ठेवायचे. जे काही व्हायचं ते या दोन दिवसांत होतं. मग प्रतिजैविक घालून जिवाणू मारायचा, आणि दुसरं प्रतिजैविक, कॅनामायसिन, घालून ज्या पेशींत जीन गेला नाही त्या मारायच्या. जीनसोबत कॅनामायसिन सोसण्याचा जीनही जोडलेला असतो, म्हणून जिच्यात तो गेला तीच पेशी तगते.

एका खेपेला मधल्या दोन दिवसांत रात्रभर वीज नव्हती. एप्रिल होता, खोली ३४ अंशांवर गेली. सकाळी तुकडे दिसायला अगदी ठीक होते. उलट त्यांच्याभोवती जिवाणूची दुधाळ, चिकट कडा नेहमीपेक्षा जाड धरलेली. जीन पोचला की नाही हे पाहण्यासाठी आम्ही सोबत एक खुणेचा जीन पाठवत असू, गस नावाचा. पेशीत तो चालू झाला की विशिष्ट द्रावात ती निळी होते. आणि या जीनमध्ये मुद्दाम असा एक अडथळा घातलेला असतो की झाडाची पेशीच तो वाचू शकते, जिवाणू वाचू शकत नाही. त्यामुळे निळं दिसलं तर ते झाडाचंच. चांगल्या खेपेला तुकड्याच्या कापलेल्या कडांवर निळे ठिपके शिंपडल्यासारखे दिसत. त्या खेपेला एकही ठिपका नाही. जिवाणू मजेत वाढला होता, काम मात्र शून्य. नुसत्या डोळ्यांनी पाहून यातलं काही कळलं नसतं.

दुसरी फसगत याहून अवघड असते. कॅनामायसिनवर एखादा हिरवा कोंभ तगतो, सगळे खूश होतात, आणि तो निव्वळ चुकून वाचलेला निघतो. पीसीआर लावावं तर ऊतीत लपून राहिलेल्या जिवाणूचाच डीएनए सापडतो आणि उत्तर खोटं हो येतं. जीन खरोखर गुणसूत्रात जडला आहे की नाही याचा निकाल पुढची पिढी देते. झाड स्वपरागित करून बी पेरायचं. जीन एकाच जागी जडला असेल तर चार रोपांत तीन रोपं तो घेऊन येतात. आणि कपाशीत त्या पिढीपर्यंत पोचणंच मुश्कील असतं, कारण पेशीच्या गोळ्यापासून भ्रूण आणि भ्रूणापासून रोप व्हायला वर्षभर जातं आणि बहुतेक वाण त्याला तयारच होत नाहीत. जे तयार होतात त्यांत दक्षिण कॅरोलिनातलं कोकर ३१२ हे जुनं वाण सगळ्यांत आज्ञाधारक. शेतकऱ्याला ते नको असलं तरी प्रयोगशाळेला तेच हवं असतं.

मोन्सँटोने हाच मार्ग धरला. कोकर ३१२ च्या दांड्याच्या तुकड्यांत ॲग्रोबॅक्टेरियमकरवी क्राय-१-एसी हा जीन पाठवला. अशा प्रयोगांत शेकडो पेशींत शेकडो जागी जीन जडतात. काही फार कमी बोलतात, काही अर्धवट असतात, काही दोन-तीनदा जडलेले असतात. त्यांतून एक निवडली जाते. निवडलेल्या त्या एका घटनेचं नाव मॉन ५३१. तीही तशी निर्दोष नाही. तिच्यात पूर्ण, चालू जीनच्या शेजारी त्याच जीनचा एक तुटका, निकामी तुकडाही जडलेला आहे. या जिवाणूचं काम असंच असतं, हद्दीच्या खुणा पाहून निघतो आणि पोचताना कधी जास्तीचं काही टाकून जातो.

एक पेशी. जी वाढून झाड झाली, तिच्या बियांतून पुढची झाडं झाली. १९९५ मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने जालन्याच्या महिकोला त्या कोकरचं १०० ग्रॅम बी आणण्याची परवानगी दिली. महिको ही बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये काढलेली कंपनी. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार बारवाले यांना मिळाला आणि गंमत म्हणजे २०१३ मध्ये तोच पुरस्कार चिल्टन, व्हान मोंतागू आणि फ्रॅली यांना. जालन्यात पुढे जे झालं त्यात जिवाणू नव्हता. होतं ते जुनं, सावकाशीचं संकराचं काम. कोकरचा पराग देशी संकरांच्या मातापितरांवर, त्यांची संतती पुन्हा त्याच देशी झाडावर, असं पिढ्यानुपिढ्या. पहिल्या संकरात अर्धं कोकर, नंतर पाव, मग आठवा हिस्सा, आणि दरवेळी ज्या रोपात जीन आला तेवढंच ठेवायचं. अशा सहा पिढ्यांनंतर कोकरचा एक टक्क्याच्या आसपास अंश उरतो आणि त्या अंशात तो एक जीन असतो. २००२ च्या मार्चमध्ये मेक १२, मेक १६२ आणि मेक १८४ या तीन संकरांना परवानगी मिळाली आणि बीटी शेतात आलं.

माझे एक काका, आयुष्यभर कपाशी केलेले, मला एकदा म्हणाले होते, "तुह्या त्या जंतूनं पऱ्हाटीले रोग आणला म्हंतेत ना बापू, मंग आमच्या वावरातल्या मातीत तो नाही का रायत?" प्रश्न रास्त होता. ॲग्रोबॅक्टेरियम मातीत सगळीकडे असतो, त्यांच्या वावरातही असेल. पण बीटी सरकीत तो नाही. प्रयोगशाळेत दोन दिवसांनी मारला तो तिथेच संपला. त्याने ठेवलेला तुकडा मात्र त्या पेशीच्या प्रत्येक वंशजात, मूळ जागीच, आहे.

ही जागा किती नेमकी ओळख देते हे नागपूरच्या एका प्रकरणाने दाखवलं. केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बीकानेरी नरमा या सरळ वाणात बीटी आणलं. संकर नव्हे, सरळ वाण, म्हणजे शेतकऱ्याने घरचं बी पुढच्या वर्षी ठेवावं असं. जीन घालण्याचं काम धारवाडच्या कृषी विद्यापीठात, ॲग्रोबॅक्टेरियमकरवीच झालं आणि घटनेला स्वतंत्र नाव दिलं गेलं. २००८ मध्ये परवानगी, २००९ मध्ये विक्री आणि लगेच ती थांबवणं. बी बीटी होतं यात वाद नव्हता. नागपूरच्याच संस्थेने तयार केलेली चाचणीची पट्टी आहे, पान चुरडून द्रावात पट्टी बुडवली की दहा मिनिटांत रेघ उमटते. पण पट्टी फक्त प्रथिन ओळखते, ते कोणाच्या पेशीतून आलं हे सांगत नाही. ते सांगतो सांधा, म्हणजे पाठवलेला डीएनए जिथे संपतो आणि कपाशीचा स्वतःचा जिथे सुरू होतो तेवढी ओळ. जिवाणू जागा निवडत नाही, म्हणून दोन घटनांचे सांधे कधी जुळत नाहीत. सुधीर सोपोरी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१२ मध्ये दिलेल्या अहवालात त्या बियाण्यात मॉन ५३१ असल्याचं नोंदवलं. सार्वजनिक पैशातून झालेलं, घरचं बी ठेवता येईल असं बीटी तिथेच अडलं, आणि मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त हळहळ वाटते ती याचीच.

जीनची अशी ये-जा निसर्गाला नवी नाही. आषाढी एकादशीला घरोघरी उकडतं ते रताळं घ्या. २०१५ मध्ये गेंटच्या आणि इतर ठिकाणच्या शास्त्रज्ञांनी लागवडीतल्या रताळ्यांचे २९१ नमुने तपासले. सगळ्यांत ॲग्रोबॅक्टेरियमचा तुकडा होता, ऑक्सिन बनवणाऱ्या जीनसकट, आणि जवळच्या रानटी नातलगांत तो नव्हता. हजारो वर्षांपूर्वी कधीतरी कुठल्याशा रताळवेलीत तो शिरला आणि माणसाने नकळत तीच वेल लावत ठेवली. उपवासाला चालणारं हे अन्न जीन बदललेलं आहे, हे ऐकून आमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांनी फक्त हात झटकले आणि दुसरी फोड घेतली.

म्हणून जिवाणूबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतरच्या आळसाची. एका पेशीत, एका जागी, एकदा जडलेला जीन आपण शेकडो संकरांत पसरवला आणि सगळ्या पट्ट्यात तेच लावलं. अळीसमोर दरवर्षी, प्रत्येक बोंडात तेच एक प्रथिन. पाकिटासोबत मिळणारी १२० ग्रॅमची बिगर-बीटीची पुडी कडेच्या तासांना लावायची होती, म्हणजे तिथे काही अळ्या विषाशिवाय वाढतील आणि सोसणाऱ्या अळ्यांशी त्यांचा संकर होऊन सोसण्याचा गुण पातळ होईल. ती पुडी मी बांधावर फेकलेली पाहिली आहे, गोठ्याच्या कोनाड्यात पडलेली पाहिली आहे, पेरलेली क्वचितच. गुजरातेत शेंदरी बोंडअळी क्राय-१-एसीला दाद देत नाही हे २०१० मध्ये जाहीर झालं. २०१७ मध्ये विदर्भाने ती बोंडाबोंडात पाहिली. बोंड वरून शाबूत, फोडलं की आत शेंदरी अळी, रुई पिवळी पडून चिकटलेली.

तोवर बीजी-२ आलेलं होतं. त्यात पहिला जीन मॉन ५३१ चाच, ॲग्रोबॅक्टेरियमने पोचवलेला. दुसरा, क्राय-२-एबी, त्याच झाडाच्या वंशात धातूच्या बारीक कणांवर चढवून बंदुकीसारख्या यंत्राने मारला. त्या दुसऱ्या जीनला जिवाणूचा हातही लागलेला नाही. तो २००६ मध्ये मंजूर झाला, आणि नांदुऱ्याच्या कृषी सेवा केंद्रात आजही पाकिटावर तेच बीजी-२ लिहिलेलं असतं.